खिडकी इतकी खाली का काढली?

"ऐकलं का ताई, आमच्या नाशिकच्या पुतणीने इंजिनिअर साहेबांशी भांडून शाळेच्या खिडक्या खाली आणल्या म्हणे!"

शेजारच्या वहिनी मेथी निवडायला बसल्या की बातम्या अशा शेपटाकडून सुरू होतात. डोकं कुठे आहे ते आपण शोधायचं. आमच्या दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे, छातीएवढं. त्यावरून बोललेलं सगळं शहादा ऐकत नाही, पण गल्ली नक्की ऐकते. वहिनींना त्याची फिकीर नसते.

"कुठल्या शाळेच्या खिडक्या?"

"आमच्या ह्यांच्या. वरच्या पाड्यावरची."

वहिनींचे हे म्हणजे गुरुजी. धडगावच्याही वर, डोंगरात एका पाड्यावर पहिली ते चौथीची शाळा आहे, तिथे ते आठवडाभर राहतात आणि शनिवारी चांदसैलीचा घाट उतरून तळोद्यावरून घरी येतात. पाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. वहिनींनी सांगितलं होतं, पण पुढे इतक्या जणांच्या बिलांचा आणि सह्यांचा विषय येतो की न लिहिलेलं बरं. सातपुड्यातले पाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल, गाव म्हणजे एका जागी बांधलेली वस्ती नव्हेच. प्रत्येक घर आपापल्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. शाळा मधे कुठेतरी, म्हणजे सगळ्यांनाच लांब.

गुरुजींची जुनी खोली बंद पडली होती. स्लॅब गळत होता, एका कोपऱ्यात सळई दिसायला लागली होती, खोली पाडायला म्हणजे निर्लेखनाला मंजुरी आली होती आणि मुलं एका घराच्या ओट्यावर बसत होती. नवी खोली कागदावर मंजूर होती. कागदावर मंजूर होणं आणि जमिनीवर उभी राहणं यात इकडे किती अंतर असतं ते सांगायला नको.

"मग पुतणीचा काय संबंध?"

"अहो, ती काठीची होळी बघायला आली होती ना! राजवाडी होळी. रात्रभर जागली, पहाटे होळी पेटलेली बघितली, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या मागे लागली, मला तुमची शाळा दाखवा. आर्किटेक्ट आहे ना. हे म्हणाले, शाळा कुठे आहे दाखवायला? ओटा आहे. ती म्हणाली, ओटा दाखवा."

गुरुजींनी आधीच्याच आठवड्यात मुलांना सांगून ठेवलं होतं, आपली नवी शाळा कशी असेल ते काढा. पाठकोऱ्या कागदांवर सगळ्यांनी काढली. बहुतेकांनी पुस्तकात असते तशी काढली होती: त्रिकोणी छप्पर, मधे दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, वर झेंडा. असं घर त्या डोंगरात एकही नाही, पण चित्रकलेच्या वहीत सगळ्यांचं तेच घर असतं. तिसरीतल्या एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. खिडकी जमिनीला चिकटलेली. छपरावर नुसते ठिपके, शेकड्याने. संडास शाळेच्या पुढ्यात, हापशीला खेटून. आणि माडीवर एक माणूस, हातात काहीतरी धरून उभा. भिंत असूनही आतली मुलं दिसत होती, सतरंजी दिसत होती.

"ह्यांनी तो कागद खालीच ठेवला होता," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, पोरगी हुशार आहे पण चित्र येत नाही तिला. पुतणीने नेमका तोच उचलला."

पुतणीचं म्हणणं मला नंतर तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं, याच कुंपणाशी उभं राहून. ती म्हणाली, मुलं दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात. ल्युके नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. भिंतीच्या आतली माणसं दिसणं ही मुलाची चूक नसते. आत माणसं आहेत हे त्याला माहीत असतं, म्हणून ती येतात. "आणि काकू, आम्ही तरी दुसरं काय करतो? इमारत मधोमध कापली तर आत काय दिसेल, ते काढतो आणि त्याला सेक्शन म्हणतो. त्या मुलीने मला न विचारता सेक्शन काढून दिला होता. मला फक्त प्रत्येक रेघेला 'का' विचारायचं होतं."

विचारणं सोपं नव्हतं. मुलगी पावरी बोलणारी. शाळेतली मराठी तिला समजत होती, पण नाशिकच्या मॅडमसमोर तोंडातून शब्द फुटेना. शेवटी गुरुजींनी पावरीत विचारलं. गुरुजींची पावरी मोडकी आहे, मुलं तिला हसतात, आणि हसली की बोलायला लागतात.

खिडकी इतकी खाली का?

तर तिचा धाकटा भाऊ. तेव्हा साडेचार वर्षांचा. आईबाप शेतावर, अंगणवाडी दुसऱ्या पाड्यावर, मधे ओढा. म्हणून ती त्याला कडेवर घेऊन शाळेत येते. तो वर्गात बसत नाही, बाहेर खेळतो. जुन्या खोलीत होती तेव्हा तिला दर थोड्या वेळाने उठून उभं राहावं लागायचं, तो दिसतोय का बघायला. उठली की गुरुजी ओरडायचे. खिडकी खाली असली की बसल्या जागेवरून दिसेल.

वहिनींचे मेथीवरचे हात थांबले. "ह्यांना वाईट वाटलं हो ताई. किती वेळा ओरडले असतील तिला, बस खाली, बस खाली."

पुतणीने तिथल्या तिथे मुलांना भिंतीला टेकून मांडी घालून बसवलं आणि प्रत्येकाच्या डोळ्यांच्या उंचीला खडूने भिंतीवर रेघ मारली. टेपने मोजलं तर सगळ्या रेघा एकवीस ते पंचवीस इंचांत. मंजूर आराखड्यात खिडकीची खालची कड होती छत्तीस इंचांवर. म्हणजे जमिनीवर बसलेल्या मुलाला त्या खिडकीतून फक्त आभाळ दिसणार. छत्तीस इंच हे माप खुर्चीवर बसणाऱ्या किंवा टेबलाशी काम करणाऱ्या मोठ्या माणसाचं. बाकं नसलेल्या पहिलीच्या वर्गात ते कुठून आलं? टाईप प्लॅनमधून आलं. एकदा कोणीतरी काढलेला नकाशा, तो समुद्रकाठीही चालतो आणि सातपुड्यातही.

इथे इंजिनिअर साहेब गोष्टीत येतात. वहिनी त्यांना खलनायक करायला टपल्या होत्या, पण मला तो माणूस तसा वाटत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मंजूर आराखड्यात बदल केला की अंदाजपत्रक बदलतं, अंदाजपत्रक बदललं की कागद पुन्हा वर जातो, आणि वर गेलेला कागद दोन पावसाळे खाली येत नाही. शिवाय खाली खिडकी घेतली तर शेळ्या आत येतील, पोरं बाहेर बघत बसतील. शेळ्यांचा मुद्दा खरा होता. पोरांचा मुद्दाही खराच होता, पण पोरं छत्तीस इंचांच्या खिडकीतूनही बाहेरच बघतात. फक्त उभी राहून.

पुतणीने भांडण केलं असं वहिनी म्हणतात. तिने केलं ते गणित. प्लॅनमधली खिडकी चार फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे सोळा चौरस फूट. वरची कड सात फुटांवर तशीच ठेवली, कारण तिथून लिंटेल जाते आणि तिला हात लावला की सगळंच बदलतं. खालची कड अठरा इंचांवर आणली, तर उंची होते साडेपाच फूट. मग रुंदी चाराऐवजी तीन फूट घेतली. साडेपाच गुणिले तीन म्हणजे साडेसोळा. लोखंड जवळपास तेवढंच, वीटकाम जवळपास तेवढंच. गज उभे, चार-चार इंचांवर, म्हणजे शेळीचं डोकं जात नाही आणि पोराचंही अडकत नाही. आडवे गज मुद्दाम टाळले, कारण आडव्या गजांची पोरं शिडी करतात. झडप दोन भागांत, खालची वेगळी, म्हणजे तिरपा पाऊस आला की तेवढीच लावायची. साहेबांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, यात रक्कम वाढत नाही, हे मी माझ्या सहीने करू शकतो.

माझ्या मते सगळ्या गोष्टीतलं मोठं वाक्य हेच आहे. रक्कम वाढत नसेल तर कितीतरी गोष्टी एका सहीत होतात, पण कोणीतरी सोळा आणि साडेसोळा मांडून दाखवावे लागतात.

"आणि ते ठिपके?" मी विचारलं.

"पाऊस! पत्र्यावरचा. पोरगी म्हणाली, पावसात गुरुजींचं तोंड हलतं, आवाज येत नाही. आता बघा, जुन्या खोलीला तर स्लॅब होता. पण जिथे बसत होती त्या ओट्यावर पत्रा. एकाच पावसाळ्यात तिला कळलं."

नव्या खोलीला पत्राच मंजूर होता आणि पाड्यावरच्या लोकांना तो नको होता. त्यांना स्लॅब हवा होता. स्लॅब म्हणजे पक्कं. बैठकीत हा विषय तापला. पुतणीने जुन्या खोलीत सगळ्यांना नेलं आणि स्लॅबच्या पडलेल्या तुकड्यावर खिळ्याने ओरखडा काढायला सांगितलं. पांढरी पूड निघाली. चांगल्या काँक्रीटवर खिळा घसरतो, नुसती रेघ उमटते. इथे खिळा रुतत होता. कारण तिथल्याच एका म्हाताऱ्याने सांगितलं: स्लॅब मे महिन्यात टाकला होता, हापशी आटलेली होती, दोन-तीन दिवस पाणी मारलं आणि सोडून दिलं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला दहा दिवस, आणि कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी कमी पडलं की वरचा थर कच्चा राहतो, बारीक भेगा पडतात, पहिल्या पावसात ओल आत शिरते, सळईला गंज चढतो आणि गंज फुगून खालचा पापुद्रा पाडतो. पाणी खाली ओढ्यातून डोक्यावर आणायचं असेल तर स्लॅबचा हट्ट धरू नये, एवढंच ती म्हणाली. लोकांना पटलं. गळका स्लॅब डोक्यावर समोरच होता, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही.

मग पत्र्याखाली बांबूच्या चटईचं छत ठरलं. पत्रा आणि चटई यांत हातभर अंतर, दोन्ही टोकं उघडी, त्यांना बारीक जाळी. जाळी नसली तर आधी उंदीर येतात आणि मागून त्यांना शोधत साप. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मेअखेरीस तर काठीची सावली पायाखाली जाते, म्हणून भिंतीपेक्षा छप्परच जास्त तापतं. तापलेली हवा त्या हातभर पोकळीतून बाहेर निघते आणि चटईमुळे आवाजही बराच दबतो. चटया पाड्यावरच्याच लोकांनी विणल्या. बांबू पावसाळ्यानंतर तोडला, महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवला, म्हणजे त्यातलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा लागत नाही. भुंगा लागला की नाही ते कळायला सोपं असतं: सकाळी सतरंजीवर पिवळसर भुकटी पडलेली दिसते. याचा पैसा अंदाजपत्रकात नव्हता. तो आला पेसाच्या पाच टक्के निधीतून, जो आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. ग्रामसभेत चटईला विरोध झाला नाही. विणणाऱ्यांना मजुरी मिळणार होती ना!

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. वहिनी तो भराभर सांगून पुढे जात होत्या, मी त्यांना थांबवलं.

पुतणीच्या मनात भिंती कुडाच्या करायच्या होत्या. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, जशी तिथली घरं असतात तशा. गार राहतात, सामान डोंगरातलंच, गवंडी नको. तिने सुंदर चित्रही काढून आणलं होतं, रंगीत. ते बघून मुलीचा बाप म्हणाला, हे तर आमचं घर झालं. मग तिने मुलीला विचारलं. मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, कुडाला दरवर्षी लिंपावं लागतं, आई लिंपते, मी पाणी आणते. शाळा कोण लिंपणार?

"पुतणी गप्पच बसली म्हणे," वहिनी खुशीत म्हणाल्या. भाची-पुतण्या गप्प बसल्या की काकूंना थोडं बरं वाटतं.

शहरातून डोंगरात येणाऱ्या माणसांना मातीचं फार प्रेम असतं. ते खोटं नसतं, पण लिंपायचं कोणी हा प्रश्न त्यात येत नाही. लिंपणारी बहुधा बाई असते, आणि पाणी आणणारी पोरगी. पुतणीने मला आफ्रिकेतली एक गोष्ट सांगितली. बुर्किना फासो देशातल्या गांदो गावचा फ्रान्सिस केरे जर्मनीत वास्तुकला शिकला आणि त्याने आपल्या गावासाठी शाळा बांधायला घेतली. गावकऱ्यांना मातीची शाळा नको होती. मातीची घरं पावसात वाहून जातात हे त्यांनी पाहिलेलं. शेवटी त्याने मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा केल्या आणि पत्र्याचं छप्पर छतापासून उचलून वर धरलं, मधून वारा जावा म्हणून. २००१ साली ती शाळा झाली, २००४ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली केरेला प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मोठा मान. "पण काकू, तो त्या गावचाच होता," पुतणी म्हणाली. "मी काठीची होळी बघायला आलेली."

सातपुड्यात तरी गावाने शाळा बांधल्याची गोष्ट नवी नाही. नर्मदाकाठी चिमलखेडी आणि नीमगव्हाणला १९९१-९२च्या सुमाराला पहिल्या जीवनशाळा सुरू झाल्या, सरदार सरोवराच्या लढाईतून. त्या लोकांनी स्वतः उभ्या केल्या, कुडाच्या आणि लाकडाच्या, आणि मुलांना आधी त्यांच्या बोलीत शिकवलं. पाणी चढलं की शाळा डोंगरावर आणखी वर न्यायची. तिथे कूड शहाणपणाचा होता, कारण सोडवून उचलता येतो. इथे पाणी चढणार नव्हतं, आणि जी पोरगी पाणी वाहत होती तिने नको म्हटलं. तेव्हा जोत्यापासून खिडकीपर्यंत तिथल्याच काळ्या दगडाची भिंत झाली आणि वर विटा, तापीकाठच्या सपाटीवरून घाट चढून आणलेल्या. विटा वर येईपर्यंत बऱ्याच फुटतात. म्हणून दगड जास्त आणि विटा कमी, हे गवंड्याचं डोकं, पुतणीचं नाही.

संडासाचं प्रकरण वहिनींनी आवाज बारीक करून सांगितलं, का ते कळेना, गल्लीत तेव्हा कोणीच नव्हतं. जुना संडास खोलीच्या मागे होता, झाडीच्या बाजूला. पाणी नाही म्हणून बंद, बंद म्हणून त्यात सरपण. मुलीने तो पुढे, हापशीशी काढला होता, कारण तिथे पाणी असतं आणि माणसंही असतात. तिचं कारण बिनतोड होतं, पण जागा धोक्याची. संडासाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान दहा मीटर लांब हवा, आणि आपल्या काळ्या खडकाला भेगा असतात, त्यातून घाण लांबवर जाते, म्हणून त्याहूनही लांब हवा. पुतणीने मुलीला हापशीपासून पावलं मोजत नेलं, उताराच्या खालच्या अंगाला, जिथून हापशीवरची माणसं दिसतात पण पाणी हापशीकडे वाहत नाही. इथे चालेल का? मुलीने विचारलं, पाणी कोण आणणार? परत तोच प्रश्न. मग छपरावरचं पाणी पन्हाळीने टाकीत घ्यायचं ठरलं. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या पुढे थोडे दिवस ते पुरतं. फेब्रुवारीपासून पुन्हा हापशीवरून बादली न्यावी लागते. हे सुटलेलं नाही.

"आणि माडीवरचा माणूस?"

वहिनी हसून हसून लाल झाल्या. "अहो, ते हेच! हातात मोबाइल! पाड्यावर रेंज नाही ना. ऑनलाइन माहिती भरायची असली की हे टेकडीवर चढून उभे राहतात, हात वर करून. पोरीला वाटलं, शाळेला माडी केली तर गुरुजींना चढावं लागणार नाही."

माडीला पुतणीने सरळ नाही म्हटलं. एका खोलीच्या शाळेला माडी म्हणजे जिना, जिना म्हणजे दुप्पट पाया, आणि पैसे नाहीत. हे तिने मुलीला टाळून नाही सांगितलं, कागदावर दोन पाये काढून दाखवले, एक बारीक आणि एक जाड. मुलीला पटलं की नाही कोण जाणे. गुरुजी अजून टेकडीवर चढतात.

बांधकाम त्या दिवाळीनंतर सुरू झालं. त्याच सुमाराला पाड्यावरची अर्धी माणसं ऊसतोडीला गुजरातकडे गेली, आणि मुलीचे आईबापही, पोरांना घेऊन. ही चौथीत होती. जोतं भरलं, भिंती उठल्या, तेव्हा ती तिथे नव्हती. गुरुजींनी फोटो कोणाच्या तरी फोनवर पाठवले, तिच्यापर्यंत पोहोचले की नाही त्यांना माहीत नाही. होळीला ती परत आली तेव्हा पत्रा चढला होता. तिने आत जाऊन मांडी घातली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि काही न बोलता बाहेर आली, असं गुरुजी सांगतात. मला यात काही भर घालावीशी वाटत नाही.

शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये ती पाचवीला खालच्या आश्रमशाळेत गेली, तिथे राहते. धाकटा भाऊ पहिलीत आला. तो वर्गात बसतो पण खिडकीतून हात बाहेर काढून शेळ्यांना पाला देतो, अशी गुरुजींची तक्रार आहे. म्हणजे साहेबांचं एक भाकीत खरं ठरलं.

"आवाजाचं काय? पावसात ऐकू येतं का?"

"येतं म्हणतात. रिमझिम असली तर चांगलं येतं. धो धो आला की हे अजूनही थांबतात. मग पोरं पाढे म्हणतात, एकदम ओरडून. त्यांना तेच आवडतं."

वहिनींची मेथी संपली होती. त्यांनी देठं गोळा केली, कुंपणावरून माझ्या अंगणात नजर टाकली आणि सांगायचं राहिलेलं सांगून टाकलं: शाळेचं उद्घाटन अजून झालेलं नाही, पाहुण्यांची तारीख मिळत नाही. मुलं जूनपासून आत बसतात. पत्र्याच्या कामाचं बिल निघालं, चटयांची मजुरी निम्म्या लोकांना मिळाली आणि निम्म्यांची बाकी आहे. ती या ग्रामसभेत काढायची, असं गुरुजींनी मनावर घेतलंय.